चेंडू आला तर करायचं काय?

*"चौथीला राउंडर्स शिकवायला घेतलं. वर्गात ४० मुलं, माझ्याकडे एक लाकडी बॅट आणि तीन टेनिस बॉल. दोन संघ केले, चार कोपऱ्यांत दगड ठेवले, नियम सांगितले. दहा मिनिटांत सगळा विचका. टाकणाऱ्याचा बॉल बॅटपर्यंत पोचत नाही, पोचला तर लागत नाही. लागलाच तर अख्खा संघ एका बॉलमागे पळतो. लांब उभी केलेली मुलं मातीत चित्रं काढत बसतात. क्रिकेट खेळणारी पाच-सहा पोरं खेळतात, बाकीची बघतात. तास संपल्यावर एक मुलगी म्हणाली, 'बाई, माझी पाळी आलीच नाही.' खेळ आणखी सोपा कसा करू?"*
*— एक प्राथमिक शिक्षिका*

ताई, आधी त्या मुलीच्या पाळीचा हिशेब मांडू. राउंडर्स म्हणजे चेंडू मारून चार खांबांना वळसा घालत धावायचा खेळ, आणि त्यात मारणाऱ्याला एका पाळीत एकच चांगला चेंडू मिळतो. चेंडू टाकणं, मारणं, धावणं, चेंडू परत येणं आणि पुढच्याने बॅट हातात घेणं, यात लहान मुलांचं एक मिनिट सहज जातं. तासातली खेळायची ३० मिनिटं धरली तर होतात ३० पाळ्या, आणि मुलं आहेत ४०. म्हणजे दहा जणांची पाळी येणारच नव्हती. ज्यांची आली, त्यांतल्या निम्म्यांनी हवेत बॅट फिरवली असेल. मोठ्यांच्या खेळातसुद्धा मैदानात एका संघाचे फक्त नऊ जण असतात. २० जणांची फिल्डिंग कोणाकडूनच नीट होणार नाही, तिथे चौथीच्या मुलांचं काय घेऊन बसलात! तेव्हा नियम कमी करण्याआधी माणसं कमी करा. एक मोठा खेळ मोडून आठ-आठ जणांचे पाच छोटे खेळ मांडा.

आठ जणांच्या चार जोड्या करा. एक जोडी बॅटिंगला, उरलेल्या तीन जोड्या म्हणजे सहा जण फिल्डिंगला. बॅटिंगच्या जोडीतला एक मारतो आणि दुसरा त्याला चेंडू टाकतो. हो, चेंडू टाकणारा मारणाऱ्याच्याच बाजूचा. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक या एका बदलाने पडला. समोरचा संघ चेंडू टाकतो तेव्हा टाकणाऱ्याला तो चुकवायचा असतो, शिवाय नऊ वर्षांच्या हाताला अजून नेमही नसतो. चेंडू डोक्यावरून जातो नाहीतर पायाशी सरपटतो. तोच चेंडू जोडीदार टाकतो तेव्हा त्याला तो लागायला हवा असतो. न सांगता तो एक पाऊल पुढे येतो, हात खालून फिरवतो आणि "इथे देऊ का, का जरा वर?" असं विचारतो. चेंडू टाकून झाला की त्याने बाजूला व्हायचं, कोणाच्या आड यायचं नाही.

एकाने तीन चेंडू खेळायचे, मग जोडीतल्या जोडीत अदलाबदल आणि दुसऱ्याचे तीन. छोट्या खेळात एका चेंडूला साधारण अर्धं मिनिट लागतं, म्हणजे एका जोडीची तीन मिनिटं. चार जोड्या आणि मधली जागा बदलायची वेळ धरून १५ मिनिटांत एक फेरी होते. पहिल्या तासाला एकच फेरी होईल, कारण मुलांना जागा समजायलाच वेळ जातो. तिसऱ्या तासापासून दोन फेऱ्या आरामात बसतात. प्रत्येकाला सहा चेंडू, आणि रांगेत कोणीच नाही.

आता पाच खेळांना पाच बॅट आणि पाच चेंडू आणायचे कुठून? चेंडू आपणच बनवायचे. जुना पायमोजा घ्या, त्यात कापडाच्या चिंध्या घट्ट कोंबा, तोंड पिळून मोजा उलटा करून परत त्यावरच चढवा आणि सुई-दोऱ्याने चार टाके घाला. मुठीपेक्षा थोडा मोठा, दाबला तर आत जाणारा असा चेंडू होतो. टेनिस बॉल संपल्यावर काहीतरी हवं म्हणून हा बनवायचा, असं समजू नका. सुरुवातीचे दोन आठवडे मी टेनिस बॉल हातात असूनही बाहेर काढत नसे. टेनिस बॉल टणकन उडतो आणि मैदानाबाहेर जातो. तो आणायला जाण्यात अर्धा तास संपतो. मोज्याचा चेंडू जिथे पडतो तिथेच थांबतो, त्यामुळे फिल्डरला तो सापडतो आणि मैदानही लहान चालतं. चेहऱ्यावर आला तरी लागत नाही. कॅच घेताना ज्या मुलांचे डोळे आपोआप मिटतात आणि तोंड बाजूला वळतं, त्यांची भीती याच चेंडूवर जाते.

बॅटचं तर पहिल्या दिवशी कामच नाही. पहिल्या तासाला मारणारा चेंडू मारत नाही, मैदानात फेकतो आणि धावतो. चेंडू हुकण्याचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे कुठून कुठे धावायचं आणि चेंडू कुठे परत आणायचा हे सगळ्यांना एका तासात कळतं. दुसऱ्या तासाला उघड्या तळहाताने मारायचं. एका हातावर चेंडू धरायचा, जरासा वर सोडायचा आणि दुसऱ्या हाताने फटका. हे जमलं की जोडीदाराने खालून टाकलेला चेंडू तळहाताने मारायचा. बॅट त्यानंतर.

खरी राउंडर्सची बॅट गोल आणि बारीक असते. मोठ्यांच्या खेळात ती लांबीला ४६ सेंटिमीटरच्या वर नसते. बारीक गोल दांड्याने चेंडू मारणं लहान मुलांना फार अवघड जातं, चेंडू दांड्याच्या कडेला लागून मागे तरी जातो नाहीतर खाली आपटतो. धोपाटण्याच्या आकाराची सपाट, हातभर फळी आणि तिच्या मुठीला घट्ट गुंडाळलेलं कापड, ही चौथीच्या मुलाची बॅट. अशा फळ्या दोन मिळाल्या तरी भागतं, कारण पाचही खेळांत एकाच वेळी बॅट असायची गरज नाही. दोन गट फळीने खेळतील, तीन तळहाताने, आणि पुढच्या तासाला फळ्या दुसऱ्या दोन गटांकडे. तुमची ती एकुलती लाकडी बॅट जड असेल तर कपाटात राहू द्या. ज्या मुलाला बॅट एका हाताने खांद्यापर्यंत उचलून दहा आकडे मोजेपर्यंत धरता येत नाही, त्याच्यासाठी ती जडच.

दगड मात्र आजच उचला. पळता पळता मुलं मागे बघतात आणि पाय दगडावर पडतो. त्याजागी प्लॅस्टिकच्या बाटल्यांत तीन बोटं वाळू भरून खांब म्हणून ठेवा. धक्का लागला तर पडतात, कोणाला पाडत नाहीत. काठ्या रोवू नका. वाकलेल्या मुलाच्या डोळ्याच्या उंचीला काठीचं टोक येतं.

मैदानाची मांडणी अशी करा की सगळे चेंडू बाहेरच्या दिशेने जातील. मधे एक मोठं रिकामं वर्तुळ सोडा, १५ पावलं रुंद, आणि त्याच्या कडेवर पाच ठिकाणी मारणारे उभे करा, सगळ्यांची पाठ मध्याकडे. फुलाच्या पाकळ्यांसारखे पाच खेळ बाहेर उघडतात. एका खेळाचा चेंडू दुसऱ्याच्या मैदानात क्वचितच जातो आणि गेलाच तर त्याच्या लांबच्या टोकाला, जिथे बॅट फिरत नसते. मैदान अरुंद असेल तर सगळे खेळ एका भिंतीला पाठ करून शेजारी शेजारी लावा, दिशा सगळ्यांची एकच ठेवा. तुम्ही मात्र मधल्या वर्तुळात उभ्या राहू नका. तिथून निम्मे खेळ तुमच्या पाठीमागे असतात. बाहेरच्या कडेने फिरत राहिलात तर तोंड कायम आत, आणि पाचही खेळ नजरेत.

बॅटचा विषय निघालाच आहे तर माझी एक चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी पण तुमच्यासारखेच दोन मोठे संघ करायचे आणि बॅटिंगचा संघ मारणाऱ्याच्या मागे रांगेत उभा असायचा. एका मुलाने जोरात फटका मारला, पळायच्या घाईत बॅट मागे भिरकावली आणि रांगेतल्या दुसऱ्याच्या भुवईवर ती बसली. तीन टाके पडले. मारणाऱ्याला रागावण्यात अर्थ नव्हता, रांग तिथे मीच उभी केली होती. तेव्हापासून बॅटला घर असतं. मारणाऱ्याच्या बाजूला खडूने किंवा चुन्याने एक हातभर वर्तुळ काढायचं आणि धावायच्या आधी बॅट त्यात *ठेवायची*. फेकलेली चालत नाही. बॅट वर्तुळाबाहेर दिसली की परत येऊन ठेवायची आणि मग धावायचं. मोठ्यांच्या राउंडर्समध्ये बॅट हातात घेऊनच पळतात, पण तो नियम आपल्याला आत्ता नको. वाकून बॅट ठेवण्यात जो एक क्षण जातो, तो फिल्डिंगला मिळतो आणि तेवढ्या वयाला तो हवाच असतो.

मारायचं शिकवताना माझ्या तोंडी दोनच सूचना असत. पहिली पायांची. मुलं टाकणाऱ्याकडे पोट करून सरळ उभी राहतात. तसं उभं राहून फळी फक्त वरून खाली येते, कुऱ्हाडीसारखी. जमिनीवर दोन पावलांच्या खुणा काढा, अशा की मूल खुणांवर उभं राहिलं की त्याचा खांदा टाकणाऱ्याकडे येईल. तोंडी समजावण्यापेक्षा या खुणांनी काम लवकर होतं. दुसरी सूचना, फळी *आधीच* मागे न्यायची. बरीच मुलं चेंडू सुटल्यावर फळी मागे नेऊ लागतात आणि ती पुढे येईपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. "बॅट मागे... टाक!" असं मारणाऱ्यानेच म्हणायचं आणि त्याने म्हटल्याशिवाय जोडीदाराने टाकायचं नाही. एवढ्यानेही सलग तीन हुकले तर ते मूल त्या दिवशी वाळू भरलेल्या बाटलीवर ठेवलेला चेंडू मारेल. बाटली उलट्या बादलीवर ठेवली की चेंडू कमरेच्या उंचीला येतो. बाटलीच्या तोंडावर मोज्याचा चेंडू दाबून बसवला की नीट राहतो, तोही त्याचा एक फायदा. ही शिक्षा वाटू नये म्हणून पहिल्या चेंडूला सगळ्यांनाच विचारायचं, "हवेतला का बाटलीवरचा?" चांगली मारणारी मुलंही मधूनच बाटली मागतात, कारण त्यावर लांब जातो.

आता फिल्डिंग. तुमच्या पत्रातलं मातीतलं चित्र मला फार ओळखीचं वाटलं. त्या मुलांना आपण "तिकडे उभा राहा" एवढंच सांगितलेलं असतं. काय करायचं ते सांगितलेलं नसतं. त्यामुळे सहाही जणांना कामं द्या आणि कामांना नावं द्या. माझ्याकडची नावं अशी होती. मारणाऱ्याच्या मागे उभा राहतो तो *मागचा*. चौथ्या खांबाशी उभा राहतो तो *घरवाला*, चेंडू त्याच्या हातात आला की खेळ थांबला. समोरच्या मैदानाचे तीन पट्टे करायचे, त्यात *डावा*, *मधला* आणि *उजवा*. सहावा *आधार*, घरवाल्याच्या पाठीमागे तीन-चार पावलांवर, त्याच्या हातून सुटलेला चेंडू अडवायला. जोडी बदलली की सगळे दोन-दोन जागा पुढे सरकतात. म्हणजे एका फेरीत प्रत्येकाला वेगवेगळी कामं मिळतात आणि लांबचा पट्टा कोणाच्या कायमचा नशिबी येत नाही.

पट्ट्यांच्या रेषा खरोखर काढा. चुना नसेल तर टाचेने ओढा. नियम असा, की चेंडू ज्याच्या पट्ट्यात थांबला, उचलणार तोच. दुसऱ्याने हात लावला तर मारणाऱ्याला एक गुण फुकट. क्रिकेटवाली पोरं यावर पहिल्या दिवशी कुरकुर करतात, कारण त्यांना सगळीकडचा चेंडू आपलाच वाटतो. पण एरवी जी मुलगी कोणीतरी उचलेल म्हणून बघत राहते, तिच्या पट्ट्यात चेंडू आला की बाकीचे पाच जण तिच्याच नावाने ओरडतात आणि तिला पळावंच लागतं.

शाळांमध्ये एक खेळ खूप चालतो, तुम्हीही कदाचित घेतला असेल. चेंडू ज्याने उचलला त्याच्या मागे सगळ्या फिल्डरनी रांग लावायची आणि पायांखालून चेंडू मागे पोचवायचा, तोवर मारणारा पळत राहतो. मजा येते, सगळे पळतात, एकही मूल रिकामं नसतं. पण हा खेळ एक-दोन तासांपेक्षा जास्त घेऊ नये असं माझं मत आहे. चेंडू दिसला की सगळ्यांनी तिकडे धावायचं, हेच त्यातून अंगात मुरतं, आणि तेच तर आपल्याला काढायचं आहे.

पहिले दोन आठवडे फिल्डिंगला निर्णय एकच ठेवा. चेंडू उचलायचा आणि घरवाल्याकडे टाकायचा. मारणाऱ्याने तोवर जितके खांब ओलांडले तितके गुण. चारही झाले तर चार. बाद वगैरे काही नाही. या काळात लक्ष ठेवायचं ते चेंडू उचलण्याकडे. मुलं चेंडूच्या बाजूला उभी राहून एका हाताने झडप घालतात, चेंडू बोटांना लागून मागे जातो आणि मग पाठलाग. चेंडू येतोय त्याच्या *वाटेत* यायचं, एक गुडघा आडवा टेकवायचा आणि दोन्ही हात जमिनीला लावायचे. हात चुकले तरी गुडघा अडवतो. बरोबर शिकलं की नाही हे ओळखायचं सोपं आहे, हुकलेला चेंडू मुलाच्या अंगाला लागून थांबतो का मागे निघून जातो ते बघा.

तिसऱ्या आठवड्यात खेळाचा खरा गाभा येतो. आधारवाल्याला तिथून काढा आणि दुसऱ्या खांबाशी उभा करा. आता चेंडू पाठवायच्या जागा दोन झाल्या, दुसरा खांब आणि घर. मारणारा दुसऱ्या खांबाला पोचायच्या आत तिथल्या फिल्डरने चेंडू हातात घेऊन खांबाला लावला तर त्या फटक्याचे गुण शून्य. मारणारा दुसरा ओलांडून गेला असेल तर चेंडू घरी पाठवायचा. राउंडर्सच्या मूळ गुणांचा हिशेबही याच दोन जागांवर बसतो. फटका मारून पुढचा चेंडू टाकला जाण्याआधी चौथ्या खांबाला पोचलं की एक राउंडर, दुसऱ्यापर्यंतच पोचलं की अर्धा. म्हणून हे दोनच खांब सांभाळायला शिकवले तरी पुढच्या पूर्ण खेळाची बरीच फिल्डिंग त्यात येते.

इथे काय होतं ते एका मुलीवरून सांगते. निळी टोपी घालून यायची, शांत होती. ती मधल्या पट्ट्यात होती. चेंडू सरळ तिच्याकडे आला, तिने गुडघा टेकवून छान अडवला, उचलला, आणि छातीशी धरून घराकडे पळत सुटली. मारणारा तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या खांबाच्या मधे होता. मी शिट्टी वाजवून सगळ्यांना होते तिथे थांबवलं. तिला विचारलं, "पळणारा कुठे आहे?" तिने मान वर करून पहिल्यांदाच बघितलं. "दुसऱ्याच्या अलीकडे." "मग चेंडू कुठे हवा?" दुसऱ्या खांबाजवळचा मुलगा हात वर करून उड्या मारत होता. तिने टाकला, तो पोचला, सगळे ओरडले. पुढच्या चेंडूला पळणारा दुसरा खांब केव्हाच ओलांडून तिसऱ्याकडे निघाला होता, तरी तिने पुन्हा दुसऱ्याकडेच टाकला. तिच्या लेखी आता उत्तर "दुसरा" हे होतं.

ही चूक तुमच्याकडे पण होणार, कारण चेंडू उचलताना मान खाली असते आणि तेवढ्या वेळात पळणारा पुढे गेलेला असतो. "बघून टाका" म्हणून उपयोग होत नाही, बघायला त्यांना सवडच नसते. मी ते काम मागच्याला दिलं. मागच्याच्या समोर अख्खं मैदान असतं, आणि चेंडू मारला गेला की त्याला दुसरं काही करायचं नसतं. त्याने पळणाऱ्याकडे बघायचं आणि एकच शब्द ओरडायचा, "दोन!" किंवा "घर!" उचलणाऱ्याने ऐकायचं आणि टाकायचं. पळणाऱ्याच्या *पुढच्या* जागी चेंडू, मागच्या जागी कधीच नाही, हे त्याने ठरवायचं. निळ्या टोपीवाली पुढच्या फेरीत स्वतः मागची झाली तेव्हा मोठ्याने, अगदी वेळेवर ओरडत होती. आठवडाभराने तीच पट्ट्यात असताना आवाज येण्याआधी मान वर करायला लागली. जी मुलं चेंडूपासून लांब राहतात, त्यांना मागच्याची जागा पहिल्यांदा द्या. त्यात पकडण्याची भीती कमी आणि अधिकार मोठा.

खांबांमधलं अंतर किती ठेवायचं, हे मुलांकडे बघून ठरवायचं. मोठ्यांच्या राउंडर्समध्ये पहिल्या तीन टप्प्यांना १२-१२ मीटर असतात आणि तिसऱ्यापासून चौथ्या खांबाला ८.५. चौथीसाठी मी निम्म्याने सुरुवात करते, म्हणजे मोठ्या माणसाची आठ पावलं आणि शेवटच्या टप्प्याला सहा. चेंडू टाकणारा जोडीदार चार पावलांवर. मग दहा फटके नुसते बघायचे. दहातल्या आठ वेळा मारणारा चारही खांब फिरून येत असेल तर फिल्डिंगवाली मुलं पाचव्या-सहाव्या चेंडूपासून पळणं सोडून देतात, तेव्हा दुसरा आणि तिसरा खांब दोन पावलं लांब न्यायचे. उलट चेंडू सारखाच आधी येत असेल तर मारणारी मुलं पहिल्या खांबाशीच थबकतात, तेव्हा खांब जवळ आणायचे. दहातल्या चार-पाच वेळा "पोचला! नाही पोचला!" असा वाद झाला पाहिजे. त्या वादाला कंटाळू नका. वाद होतोय म्हणजे अंतर बरोबर पडलंय. फक्त निकाल घरवाल्याने द्यायचा आणि तो सगळ्यांनी मानायचा, हे आधी ठरवून ठेवा. पाच खेळांचे निकाल तुम्ही एकट्या देऊ शकणार नाही.

पाचही गटांचं अंतर सारखं असायला हवं असंही नाही. पळायला ज्याला जमत नाही, त्याने मारायचं आणि जोडीदाराने पळायचं, तेवढ्यापुरता चेंडू मागच्याने टाकायचा. मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर समजून घेतात.

बाद झालं की बाहेर बसायचं, हा नियम चौथीत आणूच नका. जो लवकर बाद होतो त्यालाच सरावाची गरज जास्त, आणि नेमका तोच कडेला बसतो. झेल घेतला तर त्या फटक्याचे गुण शून्य आणि झेल घेणाऱ्या जोडीला दोन गुण, असं ठेवा. जोडी आपले तीन-तीन चेंडू पूर्ण खेळतेच. गुण जोडीचे मोजायचे, गटाचे नाहीत. फिल्डिंगलाही गुण मिळतात हे कळल्यावर "आमची बॅटिंग कधी?" हा प्रश्न निम्म्याने कमी येतो.

तुमच्या त्या पाच-सहा क्रिकेटपटूंबद्दल. त्यांना एकाच गटात घालायचा मोह होईल, कारण मग ती आपसात खेळतात आणि बाकीच्यांना त्रास नाही. मी उलट करायचे, पाच गटांत एकेक. गटातल्या सगळ्यात घाबऱ्या मुलाचा जोडीदार तोच. जोडीचे गुण एकत्र मोजले जात असल्यामुळे त्याला चेंडू नीट टाकावाच लागतो, आणि त्याचे तीन चेंडू तळहाताने मारायचे किंवा उलट्या हाताने, असं त्याच्यापुरतं वेगळं ठेवता येतं. एकाने मला तक्रारीच्या सुरात विचारलं होतं, "बाई, तिला लागतच नाही, मी काय करू?" मी म्हटलं, तू कुठे टाकतोयस? त्याने जागा बदलली, एक पाऊल जवळ आला, उजव्या हाताच्या मुलीला डावीकडून टाकत होता ते थांबवलं, आणि तिचा पहिला चेंडू लागला तेव्हा तिच्यापेक्षा तोच जास्त नाचला.

साधारण सहाव्या आठवड्याला दोन गट एकत्र करून बघा, आठ विरुद्ध आठ. आता चेंडू समोरचा संघ टाकेल, हात खालून फिरवून, मारणाऱ्याच्या गुडघ्याच्या वर आणि डोक्याच्या खाली. तसा आला नाही तर तो धरायचा नाही, पुन्हा टाकायचा. मोज्याच्या चेंडूऐवजी टेनिस बॉल चालेल. पहिल्या आणि तिसऱ्या खांबाशीही फिल्डर येतील, आणि मागच्याची हाक आता चार आकड्यांतली असेल. बॅटिंगच्या आठ जणांपैकी एकच मारत असतो, तेव्हा रांग पुन्हा तयार होणार. ती मारणाऱ्याच्या मागे नको, बाजूला दहा पावलांवर, जमिनीवर ओढलेल्या रेषेपलीकडे बसलेली. त्यांतल्या दोघांना गुण लिहायला द्या, पाटीवर किंवा मातीवर. आणि तीन गट उरतील, ते आपापला छोटा खेळ खेळत राहतील. सगळ्यांचा मोठा खेळ एकाच तासाला लावू नका, नाहीतर तुम्ही पुन्हा ४० मुलं आणि एका बॉलवर याल.